तीन कोटींचा गुणाकार

जानेवारीतल्या एका रविवारी रात्री भाचीचा फोन आला. तिला आणि तिच्या नवऱ्याला सांगलीत विश्रामबाग भागात लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान काढायचं आहे. साडेतीनशे चौरस फुटांचा गाळा पाहून ठेवलेला, भाडं महिना पंचवीस हजार. माझं उभं आयुष्य लोकांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेलं, तेव्हा ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ मामाने बघावा ही अपेक्षा रास्तच होती. एक्सेलच्या त्या फाइलमध्ये पाच वर्षांचा नफा होता, एनपीव्ही होती आणि ती इतकी भरघोस होती की दुकानाऐवजी मॉलच काढावा. मी खालून वर चढत गेलो आणि पहिल्या वर्षाच्या विक्रीच्या चौकटीशी थांबलो. तिथे २ कोटी ९६ लाख लिहिलं होतं.

‘‘हे कुठून आणलंस?’’

‘‘मोजून, मामा. स्वतः उभी राहून मोजलंय.’’

आणि खरंच मोजलं होतं. त्या रविवारी गाळ्यासमोरून दिवसभरात तीन हजार माणसं गेली होती. शंभरातली पाच माणसं अशा दुकानात वळतात, म्हणजे दीडशे. तिची एक मैत्रीण लहान मुलांच्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात मॅनेजर आहे. तिने सांगितलं की आमच्याकडे रविवारी आलेल्या शंभरातली पंचावन्न जणं काहीतरी घेऊन जातात आणि सरासरी बिल ११५० रुपयांचं होतं. दीडशेचे पंचावन्न टक्के म्हणजे ८२ बिलं, गुणिले ११५०, गुणिले वर्षाचे ३१२ दिवस. झाले जवळजवळ तीन कोटी.

यातला एकही आकडा खोटा नव्हता, फक्त ते एकमेकांच्या नात्यातले नव्हते. मैत्रिणीच्या दुकानात ‘आलेले’ मोजतात ते कुटुंबाचा गट म्हणून. आई, बाबा आणि मूल आत आले तर ते एक गिऱ्हाईक, कारण बिल एकच होणार. भाचीने मात्र रस्त्यावरची डोकी मोजली होती. गटांचं प्रमाण माणसांच्या संख्येला लावलं की एकाच घरातली अडीच माणसं अडीच वेगवेगळी बिलं करायला लागतात. दुसरी गोष्ट, तिने रविवार मोजला आणि वर्षाचे सगळेच दिवस रविवार केले.

मी तिला आणखी एक सोपी परीक्षा करून दाखवली. लहान मुलाचे कपडे दाखवायचे, माप बघायचं, घडी परत घालायची, यात एका गटामागे विक्रेत्याची वीस मिनिटं सहज जातात. रोज ८२ बिलं म्हणजे नुसत्या घेणाऱ्यांसाठीच सत्तावीस तास. दुकानात ठेवायच्या होत्या दोन मुली, रोज दहा तास. दोघींचे मिळून वीस तास होतात आणि त्यात पाहून निघून जाणाऱ्यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. एखादा विक्रीचा अंदाज दुकानात मावतो का, हे कळायला एवढी बेरीज पुरते.

विक्रीचं सूत्र दिसायला भोळं आहे: किती आले, त्यांतल्या किती जणांनी घेतलं आणि दर बिल कितीचं झालं. दुकानदारीच्या भाषेत फुटफॉल, कन्व्हर्जन आणि सरासरी बिल. चालू दुकानात हे तिन्ही आकडे संगणकात पडलेले असतात. पंचाईत आहे ती अजून न उघडलेल्या दुकानाची. तिथे फुटफॉल शून्य आहे, कारण दारच नाही. मग तो उसना आणावा लागतो. गाळ्यासमोरून किती जण जातात ते आपल्या रस्त्यावर मोजायचं, आणि जाणाऱ्यांतले किती आत वळतात, वळलेल्यांतले किती घेतात, हे आपल्यासारख्याच दुसऱ्या दुकानावरून काढायचं. ‘आपल्यासारखं’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. तसाच माल, तेवढाच आकार, तशीच वस्ती आणि रस्त्याच्या पातळीवरचं दार. चार पायऱ्या चढून जायच्या दुकानाचं प्रमाण तळमजल्याला लावता येत नाही.

असं एक दुकान गावातच, पण दुसऱ्या रस्त्यावर सापडलं. फेब्रुवारीतले दोन आठवडे दोघांनी पाळ्या लावून घेतल्या. समोरच्या चहाच्या गाड्यावर बसायचं, हातात बटण दाबून मोजायचं छोटं यंत्र ठेवायचं. रस्त्यावरून जाणारे गट दर तासाला पंधरा मिनिटं मोजून चारने गुणायचे. आत जाणारे मात्र एकूण एक मोजायचे, कारण ते थोडे असतात आणि थोडक्यातली चूक मोठी होते. दुचाकीवरून भुर्रकन जाणारे मोजायचे नाहीत. तसंच आपल्या गाळ्याशेजारी शिकवणीचा क्लास आहे, तिथून सहा वाजता सुटणारा मुलांचा लोंढाही नाही. ती पोरं स्वतःच्या धाकट्या भावासाठी झबली घ्यायला येणार नाहीत.

आत गेलेल्यांपैकी किती जणांनी घेतलं हे बाहेरून कसं कळणार? पिशव्या मोजता येतात, पण पर्समध्ये मोजे टाकून बाहेर पडलेली बाई निसटते आणि आधीच हातात पिशवी असलेली फसवते. इथे आमच्या धंद्यातली एक जुनी युक्ती कामाला आली. जीएसटीच्या नियमांप्रमाणे प्रत्येक बिलाला ओळीने क्रमांक द्यावा लागतो आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे एका रात्री त्या दुकानातून मोज्यांचा जोड घ्या, बिल मागून घ्या, आणि सहा दिवसांनी पुन्हा एक जोड घ्या. दोन बिलांच्या क्रमांकांतला फरक म्हणजे मधल्या काळात फाडलेली बिलं. त्यातून आपलं स्वतःचं बिल वजा करायला मात्र विसरायचं नाही.

दुकान सोमवारी बंद असतं. म्हणून पहिल्या रविवारी रात्री एक जोड, मग शनिवारी रात्री, रविवारी रात्री, पुन्हा शनिवारी आणि रविवारी. पाच जोडांत दोन आठवडे उरकले, आणि कामाचे दिवस व रविवार वेगळेही झाले. युक्तीला मर्यादा आहेत. दोन काउंटर असतील तर क्रमांकांच्या दोन मालिका असू शकतात, तेव्हा क्रमांकाआधीची अक्षरं बघायची. दोनशे रुपयांखालच्या खरेदीला गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर वेगळं बिल न देता दिवसाअखेर एकच एकत्रित बिल करायची मुभा आहे, म्हणून किरकोळ वस्तूंच्या दुकानात हा मार्ग फसतो. आणि दुकानदाराने बिल द्यायला आढेवेढे घेतले, तर त्याच्या क्रमांकांवर विसंबण्यात अर्थ नाही.

दोन आठवड्यांचा निकाल असा होता. मंगळवार ते शनिवार या दहा दिवसांत ४२० गट आत गेले आणि १८९ बिलं झाली, म्हणजे ४५ टक्के. दोन रविवारी १८० गट गेले, ९९ बिलं झाली, म्हणजे ५५ टक्के. रस्त्यावरून कामाच्या दिवशी साधारण १०५० गट जात होते, त्यांतले ४२ वळत होते. रविवारी १८०० पैकी ९०. म्हणजे वळणाऱ्यांचं प्रमाण एरवी शंभरात चार आणि रविवारी शंभरात पाच.

‘‘पण मामा, दोन आठवडे कशाला? एका दिवसात साठेक गट बघून झाले असते की,’’ असं जावयाने पहिल्या दिवशी म्हणून पाहिलं होतं. साठांतल्या सत्तावीस जणांनी घेतलं तरी ४५ टक्केच होतात, हे खरं. पण साठच गट पाहिले असतील, तर खरं प्रमाण बत्तीसपासून अठ्ठावन्नपर्यंत कुठेही असू शकतं. नाणं दहा वेळा उडवून सात छापे पडावेत, तसं हे आहे. चारशेच्या वर गट पाहिले की हा पसारा पाच टक्के खाली, पाच टक्के वर एवढ्यावर येतो. त्याहून बारीक हवं असेल तर महिनोन्‌महिने चहा प्यावा लागेल. हे पाच टक्के लक्षात ठेवा. पुढे त्यांची किंमत रुपयांत काढणार आहोत.

उरलं सरासरी बिल, आणि ते बाहेरून दिसत नाही. दर बिलामागे किती नग आणि दर नग कितीचा, असं तोडलं की अंदाज जवळ येतो. नगाची किंमत दुकानात फिरून कळते. बिलामागे किती नग जातात ते माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याच्या विक्रेत्याला ठाऊक असतं, आणि चहा पाजला तर तो मोघम का होईना सांगतो. भाचीने आणखी एक केलं. आपल्या सोसायटीतल्या बायकांकडून त्या दुकानाची जुनी बिलं मागवली. त्यांतली पहिली दहा तिने मला पाठवली: २५०, ३००, ३५०, ४००, ४५०, ५५०, ६००, ७००, ९०० आणि ४०००. सरासरी आली ८५०. पण ते चार हजारांचं बिल एका लग्नघराचं होतं. ते काढलं तर उरलेल्या नवांची सरासरी पाचशे. एका बिलाने सरासरी साडेतीनशे रुपयांनी हलवली!

इथे दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतो, अपवाद काढून टाका. दुसरा म्हणतो, मधलं बिल घ्या. दोन्ही चूक. बिलांच्या संख्येने गुणायचं असेल तर साधी सरासरीच लागते, कारण लग्नघराचे चार हजारही गल्ल्यातच पडणार आहेत. प्रश्न फक्त एवढा, की असं बिल दहांत एक येतं की शंभरात एक. ते दहा बिलांवरून कळत नाही. तिने आणखी नव्वद जमवली. त्यातून कामाच्या दिवसांची सरासरी ८५०च्या आसपास राहिली आणि रविवारची ११५० निघाली. पहिल्या दहांवरून तेवढीच आली होती हा नशिबाचा भाग.

आता आपल्या गाळ्याचा गुणाकार. तिथे कामाच्या दिवशी ७०० गट जातात आणि रविवारी १२००. शंभरात चार वळले तर २८ गट आत येतील, ४५ टक्क्यांनी साडेबारा बिलं, ८५०ने गुणलं की दिवसाची विक्री १०,७००. रविवारी साठ गट, ३३ बिलं, ११५० प्रमाणे ३७,९५०. पाच दिवस आणि एक रविवार मिळून आठवड्याचे साडेएक्क्याण्णव हजार.

यावर जावयाने सुटसुटीत रस्ता काढला. आठवड्याची सरासरी घेऊन एकदाच गुणायचं: रोज सरासरी ३३ गट, सरासरी कन्व्हर्जन सेहेचाळीस-सत्तेचाळीस टक्के, सरासरी बिल ९००. दिवसाचे चौदा हजार, आठवड्याचे चौऱ्याऐंशी हजार. साडेसात हजार कुठे गेले? ते रविवारी होते. रविवारी लोकही जास्त येतात, घेणारेही जास्त असतात आणि बिलही मोठं होतं. तिन्ही एकाच दिवशी एकत्र वाढतात, आणि आधी सरासरी घेतली की ही एकजूट पुसली जाते. वर्षाला पावणेचार-चार लाखांचा फरक, नुसता क्रम बदलल्यामुळे. म्हणून दिवसांचे प्रकार पाडायचे, प्रत्येकाचा वेगळा गुणाकार करायचा आणि शेवटी बेरीज. आधी गुणाकार, मग सरासरी.

फेब्रुवारी हा कपड्यांच्या दुकानाचा साधा महिना. ना सण, ना शाळेची सुरुवात. साडेएक्क्याण्णव हजारांच्या आठवड्यावरून साधा महिना ३ लाख ९६ हजारांचा होतो. पण वर्ष बारा साध्या महिन्यांचं नसतं. पाडवा, अक्षय्य तृतीया, मे महिन्याची सुटी आणि लग्नं, जूनमध्ये शाळा, मग आषाढात शुकशुकाट, गणपतीला थोडी हालचाल, पितृपक्षात पुन्हा शांतता आणि मग दसरा-दिवाळी. पौषात लोक नवीन खरेदीला हात आखडतात. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण दिवाळीचा महिना साध्या महिन्याच्या किती पट?

सोसायटीतली जुनी बिलं इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडली. त्यांच्यावर तारीख आणि क्रमांक दोन्ही असतात. एक एप्रिलला क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झालेला असतो. ऑगस्टच्या सुरुवातीचं एक बिल, सप्टेंबरच्या सुरुवातीचं दुसरं, असं करत वर्षाची शिडी लागते आणि प्रत्येक महिन्यात किती बिलं झाली ते दिसतं. (थर्मल कागदावरचा छाप उडतो, त्यामुळे काही बिलं उन्हात तिरकी धरून वाचावी लागली.) जुलैमध्ये साध्या महिन्याच्या पाऊण पट बिलं झाली होती आणि ऑक्टोबरमध्ये दीडपट. बाराही महिन्यांची बेरीज १३.२ साध्या महिन्यांएवढी भरली. दिवाळीत बिलाचा आकडाही फुगतो, तो मात्र या क्रमांकांतून कळत नाही. मी तो मुद्दाम सोडून दिला.

म्हणजे रुळलेल्या दुकानाची वर्षाची विक्री ५२ लाखांच्या घरात. पण हे रुळलेलं दुकान. ज्या दुकानासमोर चहा प्यायला, तिथे बरेच गट रस्त्यावरून जाता जाता वळलेले नव्हते, ते ठरवून आलेले होते, कारण गेली कित्येक वर्षं ते तिथूनच घेतात. नव्या दुकानाला ही माणसं पहिल्या दिवशी मिळत नाहीत. उद्घाटनाला नातेवाईक येतात, गल्ला भरतो, आणि तिसऱ्या आठवड्यात दुपारी चारपर्यंत भवानी होत नाही. कुणाच्या पहिल्या महिन्यावरून वर्ष ठरवू नये ते यासाठीच.

आम्ही पहिल्या महिन्यापासून पन्नास टक्के धरले आणि बारावा महिना नव्वद टक्क्यांवर आणला. हा भाग मोजलेला नाही, मानलेला आहे, आणि फाइलमध्ये तसं वेगळ्या रंगात लिहायला लावलं. महत्त्वाचं हे की ही चढण सरसकट वर्षाला लावायची नाही, महिन्याला लावायची. दुकान मेमध्ये उघडलं तर दीडपटीचा ऑक्टोबर सहावा महिना असतो, तेव्हा दुकान सत्तर टक्क्यांवर आलेलं असतं. तेच दसऱ्याला उघडलं तर दिवाळी पन्नास टक्क्यांवर निघून जाते. मला वाटलं होतं, यात मोठा फरक पडेल. दोन्ही गुणाकार केले तर मेमध्ये उघडल्यास पहिलं वर्ष ९.३ साध्या महिन्यांचं भरलं आणि दसऱ्याला उघडल्यास ९.२. दिवाळीत गमावलेलं पुढच्या मे महिन्यात भरून निघतं. मुहूर्तावर घरात झालेल्या वादाचा निकाल असा बरोबरीत सुटला.

९.३ महिने गुणिले ३ लाख ९६ हजार म्हणजे सुमारे ३६ लाख ८७ हजार. ही बिलांची बेरीज आहे, दुकानाची विक्री नाही. बिलात जीएसटी आहे, तो सरकारचा. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याच्या नगावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. लहान मुलांचा बहुतेक माल पहिल्या गटातला, म्हणून १.०५ने भागलं. उरले ३५ लाख १० हजार. एनपीव्हीच्या तक्त्यात जायला लायक असा हा पहिला आकडा. २ कोटी ९६ लाखांवरून इथपर्यंत यायला एक महिना लागला.

तक्त्यात घालण्यापूर्वी एक उलटी पडताळणी केली. पहिल्या वर्षाची बिलं होतात सुमारे ३८७०. रस्त्यावरून रोज सातशे गट जातात म्हणून गिऱ्हाइकं अमाप आहेत असा भास होतो, पण ते रोज तेच लोक असतात. कामावर जाणारे, भाजी आणणारे. एखादं घर वर्षातून तीनदा आपल्याकडे आलं, तर ३८७० बिलांना जवळजवळ तेराशे घरं लागतात, ज्यांत बारा वर्षांखालचं मूल आहे. ‘‘एवढी घरं आहेत का तुमच्या परिसरात?’’ असं विचारल्यावर भाचीने शाळा, बालवाड्या आणि सोसायट्यांची यादी काढली. निघाली, पण काठोकाठ. ही पडताळणी तीन कोटींच्या आकड्याला लावून बघायचं धाडस तिने केलं नाही.

आता एनपीव्ही. पुढच्या वर्षांत हाती येणारा पैसा आजच्या किमतीत आणायचा, त्यातून आज घालायचा पैसा वजा करायचा, एवढंच ते आहे. फर्निचरला सहा लाख, सुरुवातीच्या मालाला नऊ, डिपॉझिट तीन, म्हणजे अठरा लाख. मालावर मिळणारं मार्जिन विक्रीच्या ३८ टक्के. पहिल्या वर्षाचा खर्च, भाडं, दोन मुलींचे पगार, वीज-पिशव्या-जाहिरात आणि भाचीचा स्वतःचा महिना वीस हजार पगार धरून, नऊ लाख नव्वद हजार. स्वतःचा पगार न धरता दुकान फायद्यात दाखवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पहिल्या वर्षी हाती उरले सुमारे ३ लाख ४० हजार. दुसऱ्या वर्षापासून विक्री ४७ लाख आणि खर्च साडेदहा धरला तर दरवर्षी सुमारे ७ लाख ४० हजार. पाच वर्षांनी डिपॉझिट परत आणि माल निम्म्या भावाने गेला तर साडेसात लाख. महागाई आणि आयकर सोपेपणासाठी बाजूला ठेवले. दर धरला १४ टक्के, कारण कर्जच बारा टक्क्यांचं आणि वर धंद्याची जोखीम. उत्तर आलं अधिक ७ लाख ८० हजार.

भाचीला हायसं वाटलं. मग मी ते पाच टक्के काढले. कन्व्हर्जन कामाच्या दिवशी ४५ऐवजी ४० आणि रविवारी ५५ऐवजी ४९ निघालं तर? दोन आठवडे मोजूनही एवढी चूक शक्य आहे, हे आधी म्हटलंच. विक्री नवव्या हिश्श्याने घटते, पण भाडं आणि पगार तसूभरही घटत नाहीत. त्यामुळे एनपीव्ही ७ लाख ८० हजारांवरून १ लाख ४० हजारांवर येते. शंभरातल्या पाच गटांनी ‘पुन्हा येऊ’ म्हटलं आणि साडेसहा लाख गेले.

त्याहून वाईट प्रकार शांतपणे होतो. वळणारे २८ऐवजी २६ किंवा २७, कन्व्हर्जन ४५ऐवजी ४३, बिल ८५०ऐवजी ८०८. प्रत्येक आकडा जेमतेम पाच टक्क्यांनी कमी, कुणाच्या नजरेतही न भरणारा. पण तीन वेळा ०.९५ने गुणलं की ०.८६ होतात. विक्री १४ टक्क्यांनी घसरते आणि एनपीव्ही शून्याच्या खाली जाते. आमचं दुकान साडेतेरा टक्क्यांच्या घसरणीलाच बरोबरीत येतं. बेरजेत एक चूक दुसरीला कधी सांभाळून घेते. गुणाकारात तिन्ही एकाच बाजूला झुकल्या की एकमेकींना पाय फोडतात, आणि आशेने केलेल्या चुका बहुधा एकाच बाजूला झुकतात.

एक गोष्ट एनपीव्हीला दिसतच नाही. वर्षाचा आकडा एकदम घेतल्यामुळे जुलै त्यात बुडून जातो. आमच्या महिनावार कागदावर जुलैची विक्री १ लाख ६४ हजार आहे, करासकट. त्यावरचं मार्जिन साठ हजारांच्या आसपास आणि त्या महिन्याचा खर्च ब्याऐंशी हजार. पुढे दिवाळीचा माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच भरावा लागतो. म्हणजे वर्ष नफ्यात असलेलं दुकान पावसाळ्यात घाऊक व्यापाऱ्याला तोंड चुकवू शकतं. अठरा लाखांव्यतिरिक्त दीड-दोन लाख हाताशी ठेवायला सांगितले ते यासाठी. ते धरले की एनपीव्ही आणखी थोडी खाली येते, ते वेगळंच.

मार्चच्या शेवटी दोघं घरमालकाकडे गेले ते भाडं कमी करा म्हणायला नव्हे. ते तो करणार नव्हताच. पहिले सहा महिने अर्धं भाडं आणि पाच वर्षांच्या करारात आम्हाला अठरा महिन्यांनी बाहेर पडायची मुभा, एवढं मागितलं. पहिली मागणी जुलैसाठी होती, दुसरी त्या साडेतेरा टक्क्यांसाठी. घरमालक तीन महिन्यांवर तयार झाला, बाहेर पडायची अट मात्र त्याने लगेच मान्य केली. त्यालाही बहुधा स्वतःचा काही हिशेब होता.

भाचीने आता दुकानाच्या दाराशी ठेवायला एक वही केली आहे. तारीख, आलेले गट, बिलं, गल्ला, एवढेच चार रकाने. ऑगस्टअखेर आलेले गट रोज सरासरी पंधराच्या खाली असतील तर चूक रस्त्यात आहे. गट पुरेसे असून बिलं कमी असतील तर मालात किंवा मापांत आहे, आणि बिलं होऊनही गल्ला हलका असेल तर भावात. नुसता गल्ला मोजणाऱ्या दुकानदाराला या तिन्ही दुखण्यांचं लक्षण एकच दिसतं.

मोज्यांचे पाचही जोड माझ्याकडे पडून आहेत. माप दोन ते चार वर्षं. विकत घेताना कुणी ते बघितलंच नव्हतं.